जीडीला जाताना: दुसऱ्याचं लिहायला कोरा कागद

ही यादी मी माझ्या मावसभावासाठी लिहायला घेतली. पुढच्या आठवड्यात त्याच्या कॉलेजात नोकरीसाठीचं कॅम्पस आहे आणि पहिली फेरी जीडीचीच, म्हणजे गटचर्चेची. मी स्वतः नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका पूल कॅम्पसमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकत्र कॅम्पसमध्ये, याच फेरीत बाहेर पडलो होतो, तेही चांगलं बोलून. कशामुळे, ते खाली येईलच. ते एकदा नीट कळलं तर बाकीची अर्धी यादी वाचली नाही तरी चालेल.

रेझ्युमेच्या प्रती, ओळखपत्र, फोटो, इस्त्रीचे कपडे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर शब्द घालवत नाही. पेन मात्र दोन घ्या. आणि एक कोरा कागद, पुठ्ठ्यावर किंवा पातळ वहीवर टेकवता येईल असा. तो कशासाठी, ते आधी सांगतो, कारण मी हेच विसरलो होतो. कागद होता माझ्याजवळ, पण मी त्यावर फक्त माझेच मुद्दे लिहिले. कागद दुसऱ्यांचं लिहायला असतो.

आमच्या गटात दहा जण होते, वेळ पंधरा मिनिटं, विचाराला दोन. छातीवर नंबर लावले होते, माझा सात. विषय होता, शहरांनी आधी मेट्रो बांधावी की आधी बस सुधारावी. नागपूरच्या पोराला याहून सोपा विषय मिळणार नाही. दोन मिनिटांत मी कागद भरून टाकला: नागपूर मेट्रोचा सीताबर्डी ते खापरी हा पहिला टप्पा 2019 मध्ये सुरू झाला, दोन्ही मार्ग पूर्ण व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला, एक मार्ग खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरा प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. मी चार वेळा बोललो, आकडे बरोबर होते, आवाज चढवला नाही. मग निवड करणाऱ्या पॅनलमधले सर म्हणाले, ‘नंबर सात, समअप करा.’ म्हणजे चर्चेचा सारांश सांगा.

कागदाकडे पाहिलं तर तिथे फक्त मीच होतो. मग मी माझेच चार मुद्दे पुन्हा म्हटले आणि शेवटी सांगितलं की गटाचं मत मेट्रोच्या बाजूने झालं. गटात तिघे बसच्या बाजूने बोलले होते. कोपऱ्यातली नंबर तीन शांतपणे म्हणाली, ‘सर, आमचं असं म्हणणं नव्हतं.’ ती पुढच्या फेरीत गेली, मी नाही.

म्हणून कागद असा करायचा. बसल्याबरोबर, विषय सांगायच्या आधीच, वरच्या भागात गोल काढा आणि जसे बसले आहेत तसे नंबर टाका. नाव कळलं असेल तर त्याचं पहिलं अक्षर बाजूला. खाली उभी रेघ मारून दोन रकाने करा, एकेका बाजूला एकेक. चर्चा सुरू झाली की जो बोलेल त्याच्या नंबराशी एक टिंब, आणि त्याचा मुद्दा दोन-तीन शब्दांत त्या रकान्यात, पुढे नंबर. ‘फेऱ्या कमी – 3’, ‘स्टेशनहून घर लांब – 8’. वाक्य लिहू नका, लिहीत बसलात तर ऐकणं राहून जातं. तुमचे मुद्दे मागच्या बाजूला जाऊ द्या किंवा डोक्यातच ठेवा. तुमचं तुम्हाला आठवतं, दुसऱ्याचं आठवत नाही. मला माझे चारही मुद्दे आजही पाठ आहेत, नंबर पाचने काय म्हटलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

विचाराची दोन मिनिटं मिळतात त्यात दहा मुद्दे काढायच्या भानगडीत पडू नका. तीन प्रश्न स्वतःला विचारा: याचा परिणाम कोणावर होतो, पैसा कुठून येतो, आज सुरू केलं तर फळ किती वर्षांनी दिसतं. मेट्रो-बसच्या विषयात या तीन प्रश्नांवरच सगळी चर्चा फिरली. तीन उत्तरं हाताशी असली की तुमच्या आधी कोणी काहीही बोललं तरी तुमच्याजवळ जोडायला काहीतरी उरतं.

आता शिरायचं कसं. पहिलं बोललंच पाहिजे, असं कोणी सांगितलं असेल तर सोडून द्या. पहिलं तेव्हाच बोला जेव्हा चर्चेला दिशा देणारं काही हातात आहे. उदाहरणार्थ, ‘आपण आधी ठरवू या की कोणतं शहर. वीस-तीस लाखांचं शहर आणि मुंबई यांचं उत्तर एक येणार नाही.’ अशी सुरुवात सगळ्यांच्या कामी येते. नुसतं गुड मॉर्निंग करून विषय पुन्हा वाचून दाखवणार असाल तर दुसऱ्याला सुरू करू द्या, तिसरे किंवा चौथे बोला.

मधे शिरायला जागा कुठे सापडते? बोलणारा वाक्य संपवताना आवाज खाली आणतो आणि श्वास घेतो, ती जागा. तोवर थोडं पुढे झुकून बसा, पेन खाली ठेवा, तुम्ही बोलणार हे बाकीच्यांना दिसतं. आणि पहिला शब्द दुसऱ्याचा ठेवा: ‘नंबर आठ म्हणाले की स्टेशनपासून घर लांब पडतं, त्याला धरूनच सांगतो.’ ज्याचा मुद्दा घेतला तो स्वतःच थांबून ऐकतो आणि तुम्हाला जागा मिळते. त्याने काय म्हटलं ते शब्दाला शब्द जुळलं पाहिजे, आणि ते जुळतं कागदामुळे. मी तेव्हा प्रत्येक वेळी ‘माझ्या मते’ असंच सुरू केलं होतं.

तिघे-चौघे एकदम बोलायला लागले, मच्छीबाजार झाला, तर त्यात ओरडू नका. दोन सेकंद थांबा, मग सगळ्यांकडे बघून एकच वाक्य: ‘दोन मुद्दे एकदम चालू आहेत, आधी खर्चाचा संपवू, मग वेळेचा घेऊ.’ हे बहुतेक वेळा चालतं. नाही चाललं तर अर्ध्या मिनिटाने आणखी एकदा म्हणा, तिसऱ्यांदा नको. जीडी बहुतेक इंग्रजीतच असते, ही वाक्यं इंग्रजीत अशीच सरळ आणि छोटी ठेवा आणि आदल्या रात्री तोंडाने म्हणून पाहा. शेजारी ओळखीचा बसला म्हणून मधेच मराठी-हिंदीत ‘अबे सुन ना’ करू नका, पॅनल ते ऐकत असतं.

किती बोलायचं, याचा हिशेब सोपा आहे. पंधरा मिनिटं म्हणजे नऊशे सेकंद, दहा माणसं, एकेकाच्या वाट्याला नव्वद. वीस-पंचवीस सेकंदांच्या तीन-चार खेपा, झालं. एका खेपेत एकच मुद्दा. सलग मिनिटभर बोलत राहिलात तर दुसऱ्याचा वाटा खाल्ला, मुद्दा कितीही चांगला असो. गोलातली टिंबं इथे कामी येतात. तुमच्या नंबराशी चार टिंबं झाली आणि समोरचा नंबर नऊ कोरा असेल तर पाचवं टिंब स्वतःचं टाकू नका. नऊकडे बघून विचारा, ‘तुमचं यावर काय म्हणणं आहे?’ पण हे खरंच त्याने तोंड उघडायचा प्रयत्न करून मागे घेतला असेल तेव्हाच करा. ज्याला काही सुचलेलं नाही त्याला सगळ्यांसमोर नाव घेऊन उभं केलं तर तो अडचणीत येतो, आणि पॅनलला तुमचा हेतूही कळतो. आणि बोलताना पॅनलकडे पाहू नका, गटाकडे पाहा. पॅनलला काही समजावून सांगायचं नसतं.

आता समअप. पुन्हा तेच सांगतो, कारण इथेच माझं सगळं गेलं: समअप तुमच्या मताचं नसतं, गटाच्या बोलण्याचं असतं. नवीन मुद्दा एकही नाही. राहून गेलेला भारी आकडा आत्ता आठवला तरी गिळून टाका. एकमत झालं नसेल तर झालं असं सांगू नका, कधीच नाही. मिनिटभराच्या आत, आधी दोन्ही बाजू, मग कशावर सगळे सहमत, मग काय सुटलं नाही, या क्रमाने. माझ्या कागदावर दोन रकाने असते तर मला असं म्हणता आलं असतं:

‘आपण मेट्रो आधी की बस आधी यावर बोललो. तीन, पाच आणि आठ यांनी बसची बाजू मांडली. मेट्रो ठरावीक मार्गावरच धावते, फेऱ्या कमी असल्या की माणूस स्वतःची गाडी काढतो, आणि स्टेशनपासून घरापर्यंत शेवटी बसच लागते. एक, चार आणि मी मेट्रोच्या बाजूने होतो, कारण रस्त्याच्या गर्दीतून तिला वेगळी वाट मिळते. नागपुरात सीताबर्डीला दोन मार्ग मिळतात त्याचं उदाहरण आलं. स्टेशनला जोडणारी बस हवी यावर कोणाचाच विरोध नव्हता. पैसा मर्यादित असेल तर तो आधी कशावर घालायचा, यावर मात्र एकमत झालं नाही.’

पन्नास सेकंदांत होतं. यात माझं मत कुठे आहे? ‘आणि मी’ एवढंच, आणि तेवढंच पाहिजे. हे माझ्याजवळ तेव्हा नव्हतं कारण तीन, पाच, आठ यांनी काय म्हटलं ते मी लिहिलंच नव्हतं. ऐकलं होतं बहुतेक, लिहिलं नव्हतं.

समअप दुसऱ्याला सांगितलं आणि तो चुकला, तर मधे पडू नका. पॅनलने ‘कोणाला काही जोडायचंय?’ विचारलं तर एक वाक्य, तेही फक्त राहिलेल्या माणसाचं: ‘नंबर पाचचा स्टेशनजवळच्या पार्किंगचा मुद्दा राहिला.’ कधी कधी सगळ्यांनाच अर्धा-अर्धा मिनिट समअप करायला सांगतात. तेव्हा आधीच्याने सांगितलेलं पुन्हा नका सांगू, कागदावर जो मुद्दा अजून कोणी घेतला नाही तो उचला.

बाकी पटापट. सराव चार-पाच मित्रांत करा आणि प्रत्येक वेळी शेवटी चिठ्ठी काढून एकाला समअप करायला लावा, नाहीतर हा भाग कोणीच करत नाही. सकाळी पोटात काहीतरी घाला, पोहे चालतील, पांढऱ्या शर्टावर तर्री नको. कॉलेज शहराबाहेर असेल तर अर्धा तास आधी पोहोचा. फोन बंद.

कागद घेऊ दिला नाही तर? काही ठिकाणी सगळं बाहेर ठेवायला लावतात. मग टेबलाखाली बोटं वापरा. डाव्या हाताचं एक बोट म्हणजे एका बाजूचा एक मुद्दा, उजव्याचं म्हणजे दुसऱ्या बाजूचा, आणि बोट दुमडताना मनात नंबर म्हणा. दोन्ही हात मिळून सहा-सात मुद्दे राहतात, त्याहून जास्त नाही. आदल्या रात्री घरी बातम्या ऐकताना करून बघा.