जागतिक बाजारातल्या रुईच्या भावाचा धक्का हिंगणघाटच्या कापसापर्यंत किती महिन्यांत पोहोचतो? लोकल प्रोजेक्शन आणि व्हीएआरने कसे मोजावे

जागतिक बाजारात रुई दहा टक्क्यांनी महागली, तर हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाचा भाव किती वाढतो, आणि कधी? माल आज विकायचा की महिनाभर घरात ठेवायचा, हे ठरवणाऱ्या कास्तकाराला या प्रश्नातला ‘कधी’ फार मोलाचा असतो. तो मोजायच्या दोन पद्धती आहेत. व्हीएआर, म्हणजे व्हेक्टर ऑटोरिग्रेशन, ही क्रिस्टोफर सिम्स यांनी 1980 साली रूढ केलेली पद्धत, आणि लोकल प्रोजेक्शन ही ऑस्कर जोर्दा यांनी 2005 साली मांडलेली. दोन्ही एकच गोष्ट मोजतात, पण ‘कधी’च्या बाबतीत त्यांची उत्तरं एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. ती का दूर जातात आणि त्या वेळी कोणावर विश्वास ठेवायचा, हे या लेखात पाहू.

आधी आकडे नीट लावा

दोन मासिक मालिका लागतात. पहिली, बाजार समितीतला कापसाचा सर्वसाधारण भाव. दुसरी, जागतिक बाजारातला रुईचा भाव, पण रुपयांत बदललेला, कारण डॉलर चढला तरी आपल्याकडे धक्का बसतोच. कापसाच्या भावाचा लॉग म्हणजे `y`, आणि जागतिक भावाच्या लॉगमधला महिन्याचा बदल म्हणजे `x`.

विदर्भात खरी अडचण आवकेची आहे. कापूस दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत येतो. पावसाळ्यात आवक जवळपास थांबते आणि काही महिन्यांना भावच नसतो. असे महिने तक्त्यातून काढून टाकू नका. ओळ ठेवा आणि भावाच्या जागी `NA` लिहा. ओळ काढली, की जूननंतर थेट ऑक्टोबर येतो आणि तुमचे ‘एक महिन्यानंतर’ खरं तर चार महिन्यांनंतरचे असते. उत्तर सुबक दिसते, म्हणून ही चूक लवकर कळतही नाही. मागचाच भाव पुढच्या रिकाम्या महिन्यांत भरणेही तितकेच घातक आहे. त्यामुळे बाजार निर्विकार असल्याचा खोटा पुरावा तयार होतो.

व्हीएआर काय करतो

व्हीएआर आजच्या आकड्यांचा मागच्या काही महिन्यांच्या आकड्यांशी संबंध एकदाच काढतो. मग तोच नियम पुन्हा पुन्हा लावून दुसरा, तिसरा, आठवा महिना गाठतो. मागचे किती महिने घ्यायचे, म्हणजे किती लॅग, हे आपण ठरवतो. सगळी मेख इथेच आहे.

समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. समजा `x` आधी ओळखता न येणारा धक्का आहे आणि कापसाच्या भावातला बदल असा होतो:

`Δy[t] = 0.2 x[t] + 0.1 x[t-1] + 0.3 x[t-3] + e[t]`

म्हणजे थोडा परिणाम लगेच, थोडा पुढच्या महिन्यात आणि मोठा तिसऱ्या महिन्यात. जिनिंगवाल्याचे जुने सौदे संपून नव्या दराने खरेदी सुरू व्हायला वेळ लागतो, तेव्हा असे होणे अशक्य नाही. दहा टक्क्यांच्या धक्क्याला कापसाचा एकूण प्रतिसाद त्याच महिन्यात 2 टक्के, मग 3, मग 3, आणि तीन महिन्यांनंतर 6 टक्के.

आता एकच लॅग घेऊन व्हीएआर बसवा. आकडे कितीही भरपूर असले तरी तो 2, 3, 3, 3 सांगेल. तिसऱ्या महिन्यातली उडी त्याला दिसतच नाही, कारण पहिल्या पावलाच्या नियमातून तिसरे पाऊल काढायचे त्याने ठरवलेले असते. तीन लॅग दिले, की तोही 6 वर पोहोचतो.

लोकल प्रोजेक्शन काय करते

इथे प्रत्येक महिन्यासाठी वेगळे रिग्रेशन असते. तीन महिन्यांनंतरचा परिणाम हवा, तर तीन महिन्यांनंतरचा भाव थेट आजच्या धक्क्यावर ताडून पाहायचा. वरच्या उदाहरणात एकाच लॅगचे नियंत्रण ठेवूनही उत्तर 6 टक्केच येते. आर या भाषेत हे असे लिहिता येते:

```r
library(sandwich)
n  <- nrow(d)
dy <- c(NA, diff(d$y))
for (h in 0:8) {
  i <- 3:(n - h)
  Y <- d$y[i + h] - d$y[i - 1]
  m <- lm(Y ~ d$x[i] + d$x[i-1] + dy[i-1] +
            factor(d$mon[i]))
  cat(h, coef(m)[2], sqrt(vcovHC(m)[2, 2]),
      nobs(m), "\n")
}
```

`d` म्हणजे आपला तक्ता, `h` म्हणजे किती महिने पुढे, आणि `mon` म्हणजे कॅलेंडरचा महिना. तो घातला नाही, तर हंगामाचा चढउतार धक्क्याच्या खात्यावर जमा होऊ शकतो. `NA` असलेल्या ओळी `lm` स्वतः गाळते. प्रतिसाद आणि त्याची प्रमाण त्रुटी यांच्या शेवटी छापलेली `nobs`, म्हणजे उरलेल्या ओळींची संख्या, प्रत्येक `h` ला वाचा. पंधरा वर्षांच्या 180 ओळी असल्या, तरी पावसाळ्याच्या फटींमुळे त्यांतल्या बऱ्याच गळतात. दूरच्या महिन्यांसाठी किती ओळी उरल्या हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर बोलू नये.

प्रतिसाद 1 पेक्षा कमी, म्हणजे जागतिक भावातल्या बदलापेक्षा कमी, आला म्हणून घाबरू नका. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि सरकीचा भाव आपल्या वाटेने चालतो.

दोन आलेख जुळले नाहीत तर

मिकेल प्लागबोर्ग-मोलर आणि ख्रिश्चन वोल्फ यांनी 2021 साली दाखवले, की लॅग पुरेसे मोकळे सोडले आणि आकडे अमर्याद असले, तर दोन्ही पद्धती एकच प्रतिसाद देतात. म्हणून फरक दिसला, तर तो लॅगच्या निवडीतून किंवा तुटपुंज्या आकड्यांतून आलेला असतो. कशातून आला, ते तपासता येते.

व्हीएआरमध्ये लॅग एकेक वाढवत जा आणि वक्र पाहा. तो लोकल प्रोजेक्शनच्या दिशेने सरकू लागला, तर आधी लॅग कमी होते. कितीही लॅग दिले तरी तो जागचा हलत नसेल, आणि लोकल प्रोजेक्शनचा उंचवटा एकाच महिन्यात येऊन त्याच्या प्रमाण त्रुटीतून निघणारा अनिश्चिततेचा पट्टा शून्याला ओलांडत असेल, तर तो उंचवटा बहुधा गोंगाट आहे. लोकल प्रोजेक्शनचा वक्र खडबडीत आणि पट्टा रुंद असणे स्वाभाविक आहे, कारण शेजारच्या महिन्यांमधला दुवा तिने मानलेलाच नसतो. आमच्याकडच्या तुटक मालिकांसाठी मी तरीही तिच्यापासूनच सुरुवात करतो. व्हीएआरला सलग मालिका लागते, आणि ती सलग करण्यासाठी आकडे बनवावे लागतात, हे मला मान्य नाही.

मात्र एक दोष दोघांनाही सारखाच लागतो. हिंगणघाटचा बाजार जागतिक भाव हलवत नाही हे खरे, पण भारत हा कापसाचा मोठा उत्पादक आहे. मान्सून कमी झाला, तर जागतिक भाव आणि आपला भाव दोन्ही एकाच कारणाने चढू शकतात, आणि रिग्रेशन त्यालाही ‘धक्क्याचा परिणाम’च म्हणेल. पावसाचा आकडा नियंत्रणात घालणे हा त्यावरचा अर्धा उपाय आहे.

हमीभावाचा प्रश्न

भाव हमीभावाजवळ असतो तेव्हा सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाची खरेदी खालून आधार देते, त्यामुळे घसरणीचा धक्का पूर्ण उतरत नाही. 2024-25 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता. मागच्या महिन्याचा भाव त्या वर्षाच्या हमीभावाखाली असेल तर 1, नाहीतर 0 असा स्तंभ `s` तयार करा आणि रिग्रेशनमध्ये `d$x[i]` च्या जागी `d$x[i] * d$s[i]` लिहा. `s` शून्य असतानाचा प्रतिसाद `coef(m)[2]` मध्ये राहतो, आणि `d$x[i]:d$s[i]` या गुणकात दोन स्थितींमधला फरक मिळतो. व्हीएआरमध्ये हेच करायला अख्खे मॉडेल बदलावे लागते. हा फरक धक्का बसतानाच्या स्थितीचा आहे. पुढच्या महिन्यांत भाव हमीभावावर गेला, तरी ती ओळ ‘खाली’च्या गटातच राहते. त्यामुळे `h` वाढत जाईल तसा या गुणकाचा अर्थ पुसट होतो, आणि मी तो तीन-चार महिन्यांपलीकडे वाचत नाही.