तिसऱ्या आठवड्यातच नडगी का दुखते? नव्याने धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. त्यामुळे आमच्याकडे कापसाची वेचणी आटोपली की पहाटे पांदण रस्त्यावर पोरे दिसू लागतात. यंदा त्यांपैकी एकाची वही मी पाहिली. पहिल्या आठवड्यात त्याने 10 किलोमीटर, दुसऱ्यात 16 आणि तिसऱ्यात 22 किलोमीटर धाव घेतली होती. 1600 मीटरला त्याला सुरुवातीला साडेसात मिनिटे लागत होती. दुसऱ्या आठवड्याअखेर ती 7:05 वर आली, आणि तिसऱ्यात पुन्हा 7:20 झाली. त्याच पानावर खाली लिहिले होते, ‘नडगी दुखते’.

त्याची पहिली चूक अंतर वाढवण्याच्या वेगात होती. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, परंतु नडगीचे हाड आणि पोटरीचे स्नायुबंध नव्या भाराला सरावण्यास कित्येक आठवडे, कधी महिने घेतात. शिवाय भार वाढल्यावर हाडातील जुना भाग आधी झिजतो आणि नवा त्यानंतर भरून येतो. म्हणजे छाती ‘अजून धाव’ म्हणत असते, तेव्हाच हाड सर्वांत कच्चे असू शकते. म्हणून आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. हा अंदाजाचा नियम आहे, त्याला शास्त्रवचन मानू नये, पण नवख्यासाठी तो पुरेसा सावध आहे.

त्या मुलाला मी आठवड्यातून चारच दिवस धावायला लावले आणि आठवड्यांचे अंतर असे ठरवले: 12, 13, 14.5, मग उतरून 10, पुन्हा 14.5, 16, 17.5, मग 12. पहिल्या आठवड्यातले 12 किलोमीटर 3, 2, 3 आणि 4 असे विभागले होते. चौथा आणि आठवा हे विसाव्याचे आठवडे, आणि खरी गडबड इथेच होते. ‘थांबलो तर दम जाईन ना भाऊ,’ असे म्हणून कोणी तो आठवडा गाळतो, तर कोणी धावणे कमी करून रोज संध्याकाळी कबड्डी खेळतो. पायाला मात्र दोन्हींचा हिशेब सारखाच लागतो. विसाव्यानंतर थेट वरच्या आकड्यावर उडी न मारता तिसऱ्या आठवड्याच्याच अंतरावरून पुन्हा सुरुवात करावी, म्हणूनच पाचवा आठवडा 14.5 चा आहे. तापामुळे किंवा लग्नकार्यामुळे एखादा आठवडा बुडाला, तर तो पुढच्यात भरून काढू नये.

दुसरी चूक वेगाची होती. तो रोज 1600 मीटर जीव खाऊन पळत असे. साडेसात मिनिटांत 1600 मीटर म्हणजे किलोमीटरला सुमारे 4:41. अशा मुलाचा सोपा वेग किलोमीटरला 6:30 ते 7:15 असावा, आणि पहिले आठ आठवडे जवळजवळ सगळे अंतर याच वेगाने कापावे. सोप्या वेगात धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. तुटक चार शब्दच निघत असतील तर तो मधला वेग, या मुलासाठी साधारण 5:30. तो पाचव्या आठवड्यापासून, आठवड्यात एकदाच आणि 8-10 मिनिटेच ठेवावा, आणि त्या आठवड्यांत अंतराची वाढ जड वाटली तर आधीच्याच आकड्यावर थांबावे. बोलताच येत नसेल तो परीक्षेचा वेग. तो चाचणीपुरता ठेवावा, आणि चाचणी विसाव्याच्या आठवड्याच्या शेवटी घ्यावी. एप्रिल-मे मध्ये पहाटेही उकडते, तेव्हा घड्याळापेक्षा बोलण्याची खूण मानावी. वेग अर्ध्या मिनिटाने मंदावला तरी तो सोपाच आहे.

घड्याळ फसवते त्याचे आणखी एक कारण म्हणजे मैदान. आमच्या शाळेच्या मैदानाची फेरी सगळे 200 मीटरची धरत. टेपने मोजली तेव्हा ती 185 भरली, म्हणजे आठ फेऱ्यांचे 1600 नव्हे, 1480 मीटर होत होते. फेरी एकदा टेपने मोजूनच घ्यावी.

आता दुखण्याबद्दल. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि थोडे धावल्यावर कमी होत असेल, तर त्या आठवड्याचे अंतर निम्मे करावे, टणक डांबर सोडून धुऱ्याकडेची मऊ वाट धरावी आणि दुखणे न थांबल्यास धावणे बंद करावे. परंतु एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते, आणि तेव्हा धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे कायम असेल तर परत जावे. या मुलाचे दुखणे पट्ट्यातले निघाले. दहा दिवस त्याने फक्त चालणे ठेवले, मग 12 च्या आठवड्यापासून वही नव्याने सुरू केली, आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी टेपने मोजलेल्या 1600 मीटरला त्याला 6:48 लागले.