मुलाकडून महिन्याचा खर्च मागायचा अर्ज आईने कसा लिहावा

प्रांत ऑफिसच्या बाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे, वकील वगैरे मी नाही, पण आई-वडिलांचे असे अर्ज बरेच टाईप केलेत आणि कुठला अर्ज पुढे सरकतो नि कुठला अडकतो ते बघून बघून थोडंफार कळायला लागलंय. इथे एका मावशींचा अर्ज घेऊन सांगतो, ओळख पटू नये म्हणून गाव, आकडे बदललेत. मावशी 71 वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत एकट्या, नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं ते 2019 ला वारले. मुलगा चाकणला कंपनीत परमनंट, मुलगी कराडला दिलेली.

आधी अर्ज कुठे करायचा ते ठरवा, कारण रस्ते दोन आहेत आणि दोन्हीवर एकाच वेळी चालता येत नाही. एक म्हणजे 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, त्याचं न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे प्रांतसाहेब. इथे महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयेच मिळू शकतात, पण काम त्यातल्या त्यात लवकर होतं, मुलाला नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, फार तर 30 दिवस वाढवून (प्रत्यक्षात लांबतं, ते धरून चला). दुसरा रस्ता कोर्टाचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुनं 125. तिथे रकमेला अशी मर्यादा नाही, त्यामुळे मुलगा चांगला कमावता असेल आणि आईचा खर्चच 20-25 हजार असेल, मोठं आजारपण वगैरे, तर कोर्टच बरं. बाईमाणसाला तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं. मावशींची गरज दहा हजारांच्या आसपास होती म्हणून प्रांत ऑफिस. आणि मुलगा चाकणला म्हणून तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही, आई राहते तिथेच अर्ज चालतो.

आता सामनेवाले कोण? फक्त मुलगा. मावशींना सुनेचं नाव पहिलं घालायचं होतं, "तिच्यामुळंच झालंय सगळं" म्हणून, पण या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात. सून त्यात नाही, तिला घातलं तर तिचं नाव आधी काढा म्हणूनच दोन तारखा जायच्या. मुलीवर पण जबाबदारी येते बरं का, लग्न झालं तरी, आणि मुलगा येऊन "बहिणीलाही सामील करा" म्हणू शकतो, तशी सोय आहे. म्हणून मुलीबद्दल एक ओळ आपणच आधी लिहून टाकायची: ती गृहिणी आहे, तिला स्वतःचं उत्पन्न नाही, जमेल तेव्हा औषधं आणून देते. दडवून ठेवलं की संशय येतो.

मग हकीकत. इथेच बहुतेक अर्ज बिघडतात. आई सांगायला बसली की मुलाच्या जन्मापासून सुरू करते, दागिने मोडून शिकवलं, लग्नात काय झालं, दिवाळीला कोण काय बोललं, आणि ते सगळं खरं असतं, ऐकताना आपल्यालाही पाणी येतं डोळ्यात, पण प्रांतसाहेबांना तीनच गोष्टी हव्या असतात: ही याची आई आहे का, तिचं स्वतःचं भागतं का, आणि मुलगा ऐपत असून देत नाही का. मी मावशींना म्हटलं पासबुक आणा. त्यात दर महिन्याला मुलाकडून 4,000 जमा दिसत होते आणि शेवटची एंट्री 9 सप्टेंबर 2023 ची, म्हणजे गणपतीच्या आधीची. त्यानंतर काही नाही. ती ओळ हायलायटरने पिवळी केली. रडून सांगितलेल्या चार पानांपेक्षा ती एक एंट्री जास्त बोलते, कारण त्याने देणं मान्य केलं होतं आणि मग थांबवलं हे दोन्ही त्यात आलं. मग परिच्छेद असा झाला:

"अर्जदार ही सामनेवाले यांची सख्खी आई असून तिचे वय 71 वर्षे आहे. अर्जदाराचे पती सन 2019 मध्ये मयत झाले. सामनेवाले हे सप्टेंबर 2023 पर्यंत अर्जदारास दरमहा 4,000 रुपये बँक खात्यात पाठवत होते. दि. 9/9/2023 नंतर त्यांनी कोणतीही रक्कम दिलेली नाही. अर्जदारास रक्तदाब व मधुमेह असून ती कामधंदा करू शकत नाही. अर्जदाराने वेळोवेळी फोनवर मागणी केली असता सामनेवाले यांनी टाळाटाळ केली."

बस, एवढंच. मारहाण, घराबाहेर काढणं असं काही घडलं असेल तर तेही लिहायचं, पण तारखेसकट आणि घडलं तेवढंच. मुलाच्या नावावर करून दिलेलं घर परत हवं असेल तर ते कलम 23 चं वेगळं प्रकरण आहे, ते या खर्चाच्या मागणीत मिसळलं की मूळ गोष्ट मागे पडते असा माझा अनुभव.

आता खर्च. "मला 10,000 लागतात" असं मोघम नाही चालत, एकेक बाब लिहायची. मावशींना विचारून मी कागदावर मांडलं: खोलीभाडं 2,500, किराणा-भाजी 3,600, रोज अर्धा लिटर दूध म्हणजे महिन्याला 900, गॅस 600, लाईट 400, बीपी-शुगरच्या गोळ्या 2,200, डॉक्टर, टेस्ट आणि रिक्षा मिळून 900, भांडीवाली 800, मोबाईल 200. बेरीज 12,100. गॅसचं त्या 900 म्हणत होत्या, पण विचारल्यावर कळलं की एक सिलिंडर दीड महिना जातो, म्हणून 600. असले आकडे फुगवले की मुलगा नेमका तोच पकडतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. औषधाची तीन महिन्यांची बिलं आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडली. मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्यायची सवय आजपासून लावा, कोऱ्या चिटोऱ्यावरचा आकडा कुणी धरत नाही.

खर्चाखाली स्वतःचं उत्पन्न, आणि इथे मावशी अडल्या. श्रावणबाळ योजनेचे 1,500 येतात ते लिहू नका म्हणाल्या, ते सरकारचे आहेत, मुलाचा काय संबंध. आणि 80,000 ची एक एफडी आहे तिचं व्याज महिन्याला साधारण 450 पडतं, ते तर त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मी म्हटलं दोन्ही लिहायचं. ते पैसे खात्यावर जमा होतात, मुलाने पासबुक मागितलं की पाच मिनिटांत उघडं पडणार आणि मग आई खोटं बोलते हाच त्याचा मुद्दा होणार. तर 12,100 वजा 1,950, तूट 10,150. मागणी 10,000 ची, कारण तीच कमाल मर्यादा. हे गणित अर्जात जसंच्या तसं दाखवलं, म्हणजे आकडा हवेतून आलेला वाटत नाही.

मुलाचा पगार किती? आईकडे स्लिप कुठून असणार. मग आपल्याला जेवढं माहीत तेवढं, आणि ते कसं माहीत ते पण लिहायचं. त्याचे कागद चोरून, कुणाकडून बँकेचं स्टेटमेंट काढून वगैरे आणू नका, गरजच नाही, कारण कलम 8 मध्ये न्यायाधिकरणाला कागद हजर करायला लावायचा अधिकार आहे. तो वापरा:

"सामनेवाले हे चाकण येथे खाजगी कंपनीत सुमारे 15 वर्षांपासून कायम नोकरीस असून अर्जदाराच्या माहितीप्रमाणे त्यांचा पगार दरमहा अंदाजे 55,000 रुपये आहे. ही बाब सामनेवाले यांनी फ्लॅटच्या कर्जाच्या वेळी स्वतः अर्जदारास सांगितली होती. त्यांच्याकडे स्वतःचा फ्लॅट व चारचाकी वाहन आहे. पगाराची कागदपत्रे सामनेवाले यांच्याच ताब्यात असल्याने त्यांना मागील सहा महिन्यांच्या पगारस्लिप, फॉर्म 16 व बँक खातेउतारा हजर करण्याचा आदेश व्हावा."

"अंदाजे" आणि "माहितीप्रमाणे" हे दोन शब्द काढू नका. उद्या पगार 48,000 निघाला तर आपण खोटे पडत नाही. मुलगा बहुतेक हप्त्यांचा पाढा वाचणार, घराचा, गाडीचा, त्याला उत्तर अर्जात आधीच द्यायची गरज नाही, सुनावणीला बोलता येतं की गाडीचा हप्ता परवडतो तर आईच्या गोळ्यांचे 2,200 का नाही.

शेवटी विनंती, ही नीट सुटी सुटी लिहा, कारण जे मागितलंच नाही ते सहसा मिळत नाही. मावशींच्या अर्जात अशी होती:

"सामनेवाले यांनी अर्जदारास दरमहा 10,000 रुपये अर्जाच्या तारखेपासून द्यावेत. निकाल होईपर्यंत अंतरिम चरितार्थ म्हणून दरमहा 6,000 रुपये मंजूर व्हावेत. रक्कम दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करण्याचा आदेश व्हावा. अर्जाचा खर्च मिळावा."

"अर्जाच्या तारखेपासून" हे मुद्दाम घातलंय. नाहीतर रक्कम आदेशाच्या तारखेपासून धरली जाते आणि मधले चार-सहा महिने पाण्यात. त्याखाली एक वाक्य की याच मागणीसाठी दुसऱ्या कोर्टात अर्ज केलेला नाही. मग सत्यापन, सही किंवा अंगठा. अंगठा असेल तर शेजारी ओळखणाऱ्याची सही घ्या.

जोडायचे कागद: आधार, मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर तो, नाहीतर जुनं रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूदाखला, पासबुक, बिलं. मुलाचा पत्ता सध्याचा, फ्लॅट नंबर आणि पिनकोडसकट घाला, कंपनीचा पत्ता पण द्या. आमच्या इथे एका आजींची नोटीस तीनदा परत आली, कारण मुलाच्या आधारवर गावचाच पत्ता होता आणि कुणी विचारलंच नाही. अर्जाच्या तीन प्रती, एक ऑफिसला, एक मुलासाठी, आणि तिसरीवर आवक शिक्का मारून घ्या, ती जपून ठेवा.

नोटीस गेल्यावर आधी समेटासाठी बोलावू शकतात. तिथे मुलगा "देतो की मी" म्हणतो आणि आई विरघळते, ठीक आहे, विरघळा, पण ठरलेली रक्कम आणि तारीख लेखी करून दोघांच्या सह्या घेऊनच उठा.

आदेश झाला तरी दर 8 तारखेला पासबुक भरून घ्या. पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, नंतर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. वेळेत केला तर वॉरंट निघतं आणि तरी नाही भरले तर मुलाला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मावशी दोन महिने थांबल्या होत्या, "देईल, पगार उशिरा झाला असेल" म्हणत. तिसऱ्या महिन्याच्या 20 तारखेला पासबुक घेऊन दुकानात आल्या, म्हणाल्या, घाला आता कागद मशीनमध्ये.