n+1 बिंदूंवर जुळणाऱ्या बहुपदी: या चुका टाळा

ठाण्यात काय नि वाशीत काय, अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये हे गणित कधी ना कधी फळ्यावर येतंच. सोडवा:

(x−2)(x−4)/3 − (x−1)(x−4)/2 + (x−1)(x−2)/6 = 1

x = 1 ठेवलं की दुसरं आणि तिसरं पद शून्य होतं, पहिलं (−1)(−3)/3 म्हणजे 1 येतं. जमलं. 2 आणि 4 ठेवूनही तसंच जमतं. मग वहीत ‘x = 1, 2, 4’ असं लिहून उत्तराला चौकट केली जाते. हे उत्तर चूक आहे. डावीकडे 2 पेक्षा मोठा घात नाही आणि वर्गसमीकरणाला दोनपेक्षा जास्त मुळं नसतात. इथे तीन सापडली, म्हणजे हे वर्गसमीकरण नाहीच. ही नित्य समानता आहे आणि x ची प्रत्येक किंमत तिचं उत्तर आहे. खात्री हवी असेल तर x² चा सहगुणक काढा: 1/3 − 1/2 + 1/6 = 0. x चा सहगुणकही शून्यच येतो, आणि स्थिरपद 1.

कारण नीट समजलं की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. P आणि Q या दोन बहुपदींची कोटी जास्तीत जास्त n आहे आणि त्या n+1 वेगवेगळ्या बिंदूंवर जुळतात, असं धरा. D = P − Q घ्या. D ची कोटीही n पेक्षा जास्त नाही. पहिल्या बिंदूवर D(a₁) = 0, म्हणून अवयव सिद्धांतानुसार D = (x − a₁)E. आता a₂ ठेवा: (a₂ − a₁)E(a₂) = 0. a₂ आणि a₁ वेगळे आहेत, म्हणून E(a₂) शून्य असलाच पाहिजे, आणि E मधून (x − a₂) बाहेर काढता येतो. दर पायरीला कोटीची मर्यादा एकने उतरते. n बिंदू वापरून झाले की आत फक्त एक स्थिरांक c उरतो: D = c(x − a₁)…(x − aₙ). उरलेल्या बिंदूचं काम एवढंच, की तो c ला शून्य करतो.

म्हणून n बिंदूंवर थांबू नका. x² आणि 3x − 2 या दोन्ही x = 1 आणि x = 2 वर जुळतात, पण त्या एक नाहीत; फरक (x−1)(x−2), इथे c = 1 राहिला. एकच बिंदू दोनदा मोजणंही तितकंच घातक. x² आणि 4x − 4 यांचे आलेख x = 2 ला स्पर्श करतात; तिथे मूळ दुहेरी असलं तरी किमतींची जुळणी एकाच बिंदूवरची आहे.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक मात्र वेगळीच: कोटी माहीत नसताना बिंदू तपासत बसणं. वर्तुळावर m बिंदू घ्या आणि सगळ्या जोड्या जीवांनी जोडा, पण आत एका ठिकाणी तीन जीवा छेदणार नाहीत असे. वर्तुळाचे किती भाग होतात? m = 1 ते 5 साठी 1, 2, 4, 8, 16. पाच किमती जुळल्या, म्हणून सूत्र 2^(m−1) असं ठोकून दिलं जातं. m = 6 ला मात्र 31 भाग होतात, 32 नाहीत. खरं सूत्र C(m,4) + C(m,2) + 1 ही चौथ्या कोटीची बहुपदी आहे. पाच बिंदू चौथ्या कोटीला पुरतात हे खरं, पण त्यासाठी दोन्ही बाजू बहुपदी हव्यात. 2^(m−1) बहुपदीच नाही, त्यामुळे इथे प्रमेय लागूच होत नाही. याउलट 1³ + … + m³ ही बेरीज m ची चौथ्या कोटीची बहुपदी असते हे आधी सिद्ध केलं असेल, तर m²(m+1)²/4 हे सूत्र पाच किमती तपासून पक्कं होतं. आधी कोटीची मर्यादा लिहा, मगच किमती ठेवा.

ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक जागा सांभाळावी. 8 ने भागून येणाऱ्या बाक्यांमध्ये x² − 1 ही बहुपदी 1, 3, 5, 7 या चारही किमतींना शून्य होते, कोटी 2 असून. सिद्धतेत ‘a₂ − a₁ शून्य नाही, म्हणून E(a₂) शून्य’ असं म्हटलं होतं ना, तीच पायरी इथे कोसळते: x = 3 ला (3−1)(3+1) = 2 × 4, आणि त्याची बाकी 0, पण 2 आणि 4 दोन्ही शून्य नाहीत. भाजक मूळ संख्या असेल तर ही पायरी टिकते. तरी बिंदू मोजाच: 5 ने भागताना x⁵ आणि x पाचही बाक्यांवर जुळतात, पण कोटी 5 साठी सहा बिंदू लागतात, आणि तिथे बाक्या मुळात पाचच आहेत.