नोकरी नको, हीट लोड विचारला

मेकॅनिकलची पदवी घेऊन एचव्हीएसीत, म्हणजे वातानुकूलनाच्या क्षेत्रात, नोकरी शोधायला सांगलीहून पुण्यात आलो आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलाच मेसेज टाकला: ‘सर, एचव्हीएसीमध्ये व्हेकन्सी असेल तर प्लीज कळवा.’ खाली बायोडेटा. चार अंगठे आले. मग कुणाच्या तरी बारशाचे फोटो पडले आणि मी वर सरकून दिसेनासा झालो. आता तसे मेसेज मला येतात आणि मीही अंगठाच देतो. हाताशी जागा नसली की त्या मेसेजला उत्तर तरी काय द्यायचं?

दुसऱ्या वेळी ग्रुपमधल्या एकाच सीनियरला वेगळं लिहिलं. ‘नमस्कार सर, आपल्याच कॉलेजचा, तुमच्यानंतर नऊ वर्षांनी पास झालो. 600 चौरस फुटांच्या ऑफिसचा हीट लोड काढला, पावणेतीन टन आला. साइटवरचे लोक 150 चौरस फुटांना एक टन धरतात, म्हणजे चार. माझं काय सुटलं असेल?’ हीट लोड म्हणजे जागा थंड ठेवायला किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा हिशोब, आणि तो टनांत मांडतात.

रात्री उत्तर आलं, ‘बाहेरची हवा धरलीस का? आणि माणसं किती?’ माणसं सहा धरली होती, बाहेरची हवा शून्य. बाहेरून घेतलेली हवा थंड करायची, तिच्यातली आर्द्रताही काढायची. तो लोड मी सोडलाच होता. दोन दिवसांनी दुरुस्त केलेली शीट पाठवली. विचारून गायब होणारे पुष्कळ असतात, त्यामुळे हे परत पाठवणं लक्षात राहतं. उत्तर आलं नसतं, तर आठवड्याने एकदा आठवण करून सोडून दिलं असतं.

पुढे तेच म्हणाले, ‘इश्रेच्या कार्यक्रमाला ये.’ इश्रे ही वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशनवाल्या इंजिनिअरांची 1981 मध्ये स्थापन झालेली संघटना. पुण्यातही तिचा चॅप्टर आहे. संध्याकाळी तांत्रिक व्याख्यान, नंतर जेवण. पहिल्या वेळी मी ताट घेऊन खांबाशेजारी उभा राहिलो आणि घरी आलो. पुढच्या वेळी आधीच विचारलं, काही काम आहे का? नोंदणीच्या टेबलावर बसवलं. लाजाळू माणसाला याहून चांगली जागा नाही. लोक स्वतःहून येतात, नाव आणि कंपनी सांगतात, आणि जेवताना तेच ओळखीचं हसतात.

तिथे नवखे लोक कन्सल्टंटांभोवती घोटाळतात. मला उपयोग झाला तो मशिनरी विकणाऱ्यांचा. कुठल्या कंत्राटदाराला नवं हॉस्पिटल मिळालं, कुणाकडे डिझाइनला माणसं कमी पडताहेत, हे त्यांना आधी कळतं, कारण कोटेशन त्यांच्याकडे मागितलेलं असतं. शिवाय त्यांना बोलायला आवडतं! फक्त, तुम्ही गिऱ्हाईक नाही हे सुरुवातीलाच सांगून टाका.

चौथ्या कार्यक्रमात चिलर विकणारे एक गृहस्थ माझी शीट मोबाइलवर पाहून म्हणाले, ‘हे काम येणारा पोरगा एकाला हवाय. बायोडेटा पाठव. आणि फाइलला नुसतं ‘बायोडेटा फायनल 2’ नको, तुझं नाव दे.’