कापडावर उभं राहणारं कपाशीचं फूल: तार घातलेल्या पाकळ्यांचं भरतकाम

पाकळी वेगळ्या कापडावर भरायची, तिच्या कडेला बारीक तार शिवायची, मग ती कापून मुख्य कापडावर उभी लावायची, अशा भरतकामाला स्टंपवर्क म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पेट्यांवर आणि आरशांच्या चौकटींवर ते फार चालायचं. आपण ते कपाशीच्या फुलावर करू. पाचच रुंद पाकळ्या, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यालाही हे फूल झेपतं. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी फुलावर आली की नमुना बांधावरच मिळतो.

काम सुरू करण्याआधी एक फूल जवळून बघा. आता शेतात बहुतेक ठिकाणी दिसतं ते फिकट मलई रंगाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. देशी कपाशीचं फूल पिवळं, पाकळीच्या तळाशी गडद लाल ठिपका असलेलं. मी देशी फूल निवडते, कारण तो ठिपका भरताना धाग्याची दिशा आपोआप नीट राहते. आणखी एक बघा: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. जोडणीच्या वेळी हे लागणार आहे.

तारेसाठी शहरात जायची गरज नाही. तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगचं दुकान असतंच. तिथे "भाऊ, तीस नंबरची तांब्याची तार द्या" म्हणायचं. ती साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते, बोटांनी हवी तशी वळते आणि वळलेली राहते. नंबर वाढतो तशी तार बारीक होते, म्हणून २६ नंबरची घेऊ नका, ती पाकळीला ताठ करून टाकते. वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा लेप असल्यानं ती लवकर हिरवी पडत नाही. बांधकामाची लोखंडी बाइंडिंग तार मात्र टाळाच. पावसाळ्याच्या दमट हवेत ती गंजते आणि गंजाचा डाग धाग्यातून वर येतो.

पाकळ्यांसाठी घट्ट विणीचं, फिकट पिवळं सुती कापड घ्या. कापडाचा रंग धाग्याशी जुळला की कापलेली कड डोळ्यात भरत नाही. ते आठ इंची रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणून बसवा आणि पाच पाकळ्या पेन्सिलीनं काढा: प्रत्येक ३ सेंटिमीटर उंच, वर पंख्यासारखी रुंद, खाली अरुंद, दोन पाकळ्यांत किमान दीड सेंटिमीटर जागा. एका पाकळीला १७ सेंटिमीटर तार पुरते. ती आधी कागदावरच्या आकारावर वळवून घ्या. दोन्ही शेपट्या तळाशी एकमेकींना न ओलांडता शेजारी-शेजारी ठेवा, प्रत्येकी ४ सेंटिमीटर.

वळवलेली तार रेषेवर ठेवून पाच-सहा ठिकाणी साध्या टाक्यानं धरा आणि मग एकपदरी धाग्यानं काज टाका घालत चला. सगळं काम या टाक्यावर उभं आहे. सुई तारेला अगदी खेटून बाहेरच्या बाजूनं वर यावी, आतल्या बाजूनं खाली जावी, आणि काजाची गाठ बाहेरच्या कडेला बसावी. प्रत्येक टाका कापडातून जायलाच हवा. घाईत धागा नुसता तारेभोवती गुंडाळला जातो. वरून काम छान दिसतं, पण पाकळी कापली की त्या जागी तार कापडापासून सुटते. टाके इतके जवळ हवेत की मधून तांबं दिसू नये. पूर्ण झाल्यावर तारेची एक शेपटी हलकेच ओढून बघा. तार सरकली तर टाके सैल आहेत. तो भाग आत्ताच उसवून पुन्हा घाला.

आता पाकळी भरायची. वरच्या कडेपासून सुरुवात करून एकपदरी धाग्यानं एक लांब, एक आखूड असे टाके तळाकडे न्या. सगळे टाके तळाच्या एकाच बिंदूकडे रोखलेले हवेत. शेवटचे पाऊण सेंटिमीटर गडद लाल धाग्यानं भरा, पण दोन रंगांची सीमा सरळ रेषेत ठेवू नका. लाल टाके पिवळ्यांच्या मधे घुसू द्या. धागा जास्त ओढला तर कापड आक्रसतं आणि रिंगमधून काढल्यावर पाकळी वाटीसारखी उलटी वळते. मागची बाजूही जपा. पाकळी उभी राहिली की पाठही दिसते, म्हणून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धागा ओढत नेऊ नका. आणि उन्हाळ्यात हे काम सकाळीच करावं. दुपारी घामेजलेल्या बोटांनी फिकट धागा काळवंडतो.

कापायला टोकदार छोटी कात्रीच हवी. आधी पाकळी सैलसर कापून घ्या, मग काजाच्या गाठींपासून जेमतेम एक मिलिमीटर बाहेरून, कात्री किंचित बाहेर झुकवून फिरवा. चुकून एखादी गाठ कापली गेली तर सुईच्या टोकानं पांढऱ्या गोंदाचा ठिपका तिथे लावा, वाळू द्या आणि वरून दोन टाके घाला.

मुख्य कापड जाड असावं. खादी उत्तम, पातळ मलमल पाकळ्यांच्या वजनानं झोळते. पाकळ्या लावण्याआधी शेजारचं हिरवं बोंड भरून घ्या, नंतर हात अडकतो. फेल्टचे अंडाकृती आकार तीन मापांत कापा, सर्वांत मोठा दोन सेंटिमीटर लांब. सर्वांत लहान तुकडा आधी लावायचा, सर्वांत मोठा शेवटी. उलटं केलं तर पायऱ्या दिसतात. असं केलं तर मोठा तुकडा सगळं झाकतो आणि उंचवटा गुळगुळीत येतो. त्यावर आधी आडवे विरळ टाके, मग उभे दाट टाके घाला. बोंडाखालची दातेरी पानं कापडावर सपाटच भरा. त्या बारीक दात्यांवर तार नीट वळत नाही.

जोडणीसाठी फुलाच्या मध्याभोवती साधारण ६ मिलिमीटरच्या वर्तुळावर गोधडीच्या सुईनं पाच छिद्रं पाडा आणि प्रत्येकात एका पाकळीच्या दोन्ही शेपट्या घाला. सगळ्या शेपट्या एकाच छिद्रात कोंबल्या तर मागे तारांचा गोळा होतो आणि पाकळ्या आपापल्या जागी राहत नाहीत. पहिली पाकळी सैल ठेवा, कारण पाचवीची एक कड तिच्या खाली सरकवायची आहे. पाचही नीट बसल्या की मागच्या बाजूला प्रत्येक तार आपल्याच पाकळीच्या दिशेनं बाहेर वळवा, दीड सेंटिमीटर आडव्या टाक्यांनी घट्ट शिवा, टोक पकडीनं दुमडून पुन्हा दोन टाके घाला आणि उरलेली तार कापा. दुमडलं नाही तर ते टोक कधी ना कधी कापडातून बाहेर येतं.

मध्यभागी दुपदरी पिवळ्या धाग्यानं गाठीच्या टाक्यांचा दाट पुंजका भरा, आणि मधोमध पहिल्या गाठींवरच दुसरा थर चढवा, म्हणजे खऱ्या फुलातला केसरांचा दांडा उंच दिसतो. त्यानंतरच पाकळ्या बोटांनी वळवा: तळाशी उभ्या, वर किंचित बाहेर. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवू नका, ती तुटते.

हे काम धुता येत नाही, त्यावर इस्त्री फिरवता येत नाही. म्हणून ब्लाउज, उशी किंवा दारावरच्या तोरणासाठी ते करू नये. फूल साधारण दोन सेंटिमीटर वर येतं, तेव्हा फ्रेमवाल्याला काच आणि कापड यांत तीन सेंटिमीटर जागा ठेवायला सांगा. नेहमीच्या फोटो फ्रेममध्ये काच पाकळ्यांवर टेकते आणि त्या दबतात. काच बसवण्याआधी धूळ मऊ कोरड्या ब्रशनं, तळापासून कडेकडे झाडा.