साध्या मेसेजचे ६५ पेन्स : ब्रिटिश मोबाइल कंपनीला तक्रार कशी लिहावी

माझी भाची शिकायला लीड्सला आहे. तिचा प्लॅन महिन्याला १२ पौंडांचा, त्यात फोन आणि मेसेज अमर्याद. मार्चचं बिल आलं १५ पौंड ९० पेन्सचं. वरचे ३ पौंड ९० पेन्स कुठले, हे तिला कळेना. तिने रागाने मोठा मेसेज लिहिला : "मी काहीच जास्तीचं वापरलेलं नाही, पैसे परत करा." पाठवण्याआधी मला दाखवला, हे बरं झालं. अशा मेसेजला ठरलेलं उत्तर येतं, ‘आकारणी बरोबर आहे’, आणि विषय तिथेच मिटतो.

आधी ॲपमधलं वापराच्या तपशिलाचं पान उघडा. तिच्या पानावर १४ मार्चच्या सहा ओळी होत्या. प्रकार MMS, प्रत्येकी ६५ पेन्स. नीट बघितल्यावर दिसलं, की तीन ओळी ७ वाजून २ मिनिटांच्या, तीन ७ वाजून ५ मिनिटांच्या, आणि दोन्ही वेळी नंबर तेच तीन. म्हणजे तिने दोनच मेसेज पाठवले होते, पण तीन मैत्रिणींना एकत्र.

खरी मेख इथेच आहे. एकाच मेसेजमध्ये अनेकांना घेतलं की फोन तो साधा एसएमएस म्हणून न पाठवता एमएमएस म्हणून पाठवू शकतो, फोटो नसला तरी. ब्रिटनमधल्या बऱ्याच प्लॅनमध्ये ‘अमर्याद मेसेज’ म्हणजे फक्त एसएमएस. एमएमएसचे पैसे वेगळे, आणि तेही माणशी लागतात. आयफोनवर मेसेज निळा गेला तर तो इंटरनेटवरून गेला, म्हणून त्याचा हा भुर्दंड नाही. समोर एखादा अँड्रॉइडवाला असला की प्रश्न येऊ शकतो.

म्हणून ‘मी पाठवलेच नाहीत’ असं लिहू नका. कंपनीकडे नोंद आहे, आणि एक वाक्य खोटं ठरलं की बाकीचं कोणी वाचत नाही. तुमची तक्रार आकारणी चुकल्याची नाही, ती कळलीच नाही याची आहे. (नंबरच्या जागी पाच आकडी नंबर दिसत असेल तर मामला निराळा. ती बहुधा कुठलीतरी सशुल्क सेवा असते. आधी त्या नंबरला STOP पाठवा, मग तक्रार.)

आता स्क्रीनशॉट. नुसती रकमेची ओळ कापून पाठवू नका. वरचं शीर्षक, बिलाचा महिना, तारीख, वेळ, प्रकार आणि रक्कम हे सगळं एका चित्रात यायला हवं. ओळी मावत नसतील तर दोन चित्रं घ्या आणि शेवटची ओळ दुसऱ्यात पुन्हा येऊ द्या. मैत्रिणींच्या नंबरांचे शेवटचे तीन आकडे सोडून बाकीचे झाका. वेळ मात्र झाकू नका, तोच तुमचा पुरावा.

मेसेज अर्थात इंग्रजीत जाणार, पण मजकूर साधारण असा ठेवा :

> ही माझी औपचारिक तक्रार आहे. मार्चच्या बिलात १४ मार्चच्या सहा एमएमएसचे ३.९० पौंड लावले आहेत. स्क्रीनशॉट जोडला आहे. वेळा पाहिल्यास हे प्रत्येकी तिघींना पाठवलेले फक्त दोन मेसेज आहेत, त्यांत केवळ मजकूर होता. ते एमएमएस म्हणून जातील आणि वेगळे पैसे लागतील, हे पाठवताना मला दिसलं नाही. याआधी असा आकार कधीच लागलेला नाही. ही रक्कम सौजन्य म्हणून परत करावी आणि शक्य असल्यास माझ्या नंबरवर एमएमएस बंद करावेत. कृपया तक्रार क्रमांक कळवा.

पहिलं वाक्य गाळू नका. ‘तक्रार’ हा शब्द नसेल तर ती साधी चौकशी म्हणून नोंदली जाऊ शकते. चिडून बँकेतला डायरेक्ट डेबिटही थांबवू नका : बिल थकलं तर तशी नोंद क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुम्ही देणी वेळेवर फेडता का याच्या नोंदवहीत, जाऊ शकते, आणि पुढे घर भाड्याने घेताना ती आडवी येऊ शकते.

कंपनीने नकार दिला तर ‘डेडलॉक लेटर’ मागा, म्हणजे आमच्याकडून आता यावर तोडगा निघणार नाही असं कंपनीचं लेखी पत्र. ते मिळालं की कंपनी ज्या तंटा-निवारण योजनेत असेल तिथे जाता येतं : कम्युनिकेशन्स ओम्बड्समन किंवा सिसास. ग्राहकाला पैसे पडत नाहीत. ऑफकॉम ही नियामक संस्था असली तरी एकेका ग्राहकाचा तंटा ती सोडवत नाही.

भाचीला तिथवर जावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ३.९० पौंड पुढच्या बिलात वजा झाले. एमएमएस बंद करायला मात्र कंपनीने नकार दिला. मग तिने आयफोनच्या मेसेज सेटिंगमध्ये जाऊन MMS Messaging बंद केलं. अँड्रॉइडच्या गुगल मेसेजेसमध्ये Group messaging हा पर्याय असतो, तिथे प्रत्येकाला वेगळा एसएमएस जाईल असं निवडता येतं.